शिळ्या बियांची तक्रार: चवीवर लिहावी की तारखेवर?

ऑनलाइन मागवलेल्या कॉफीच्या बिया शिळ्या निघाल्या आणि पाकिटावर रोस्टची, म्हणजे बिया भाजल्याची, तारीखच नसली, तर रोस्टरला, म्हणजे बिया भाजून विकणाऱ्याला, पत्र दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक चवीचं: कॉफीला वास नाही, पुठ्ठ्यासारखी लागते, पैसे परत करा. दुसरं तारखेचं: या बॅचचा रोस्ट कधी झाला ते कळवा. वेगवेगळ्या रोस्टरांना मी दोन्ही प्रकारची पत्रं पाठवून पाहिली आहेत.

चवीचं पत्र वाईट असतं असं नाही. रोस्टर छोटा असेल, मेल मालक स्वतः वाचत असेल, तर तेच जास्त चालतं. कॉफीत जीव असलेल्या माणसाला 'ब्लूम आलाच नाही' एवढं वाक्य पुरतं. ताज्या बिया दळून त्यावर उकळीच्या जरा खालचं पाणी ओतलं की भुकटी फुगते, बुडबुडे येतात, तोच ब्लूम. आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. माझ्या पाकिटातली भुकटी चिखलासारखी बसून राहिली. मीडियम रोस्ट असूनही बियांवर तेलाची चकाकी होती. डार्क रोस्टवर तेल लवकरच येतं, त्यामुळे तिथे हा पुरावा धरू नये. लाइट रोस्ट मुळातच कमी फुगतो. आणि कॉफी दळूनच मागवली असेल तर ब्लूमची परीक्षा विसरा, वायू वाटेतच निघून गेलेला असतो.

पण चवीच्या पत्राला जे उत्तर आलं, त्यानेच माझं मत बनलं. "सर, चव ही व्यक्तिसापेक्ष असते. ग्राइंड थोडा बारीक करून पाहा, पाणी ९२ अंशांवर ठेवा." मी पुन्हा लिहिलं, तर मोका पॉटमध्ये कॉफी कशी करावी याचा व्हिडिओ आला. त्यानंतर विचारलं, ग्राइंडर कोणता वापरता? म्हणजे तक्रार त्यांच्या मालाची आणि चौकशी माझ्या स्वयंपाकघराची! प्रत्येक उत्तर गोड, आणि प्रत्येक उत्तरागणिक बिया आणखी शिळ्या.

तारखेच्या पत्रात ही पळवाट राहत नाही. फक्त एक जपावं: 'रोस्ट डेट न छापणं बेकायदेशीर आहे' असं लिहू नये. खाद्यपदार्थाच्या लेबलवर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख लागते. रोस्टची तारीख अशी वेगळी सक्ती नाही. बिया आधी भाजून ठेवल्या आणि नंतर पाकिटात भरल्या, तर पॅकिंगची तारीख ताजी आणि माल जुना, असं होऊ शकतं. म्हणून बोट ठेवायचं ते त्यांच्याच दाव्यावर. माझ्या रोस्टरच्या पानावर 'ऑर्डर आल्यावर भाजतो' असं ठळक लिहिलेलं होतं. त्याचा स्क्रीनशॉट आधी काढून घेतला. ही पानं बदलतात. मग मेल असा गेला:

"आपल्या संकेतस्थळावर ऑर्डर आल्यावर रोस्ट करतो असे म्हटले आहे. मिळालेल्या २५० ग्रॅमच्या पाकिटावर रोस्टची तारीख नाही. बॅच क्रमांकाचा फोटो जोडला आहे. या बॅचचा रोस्ट कोणत्या तारखेला झाला ते कृपया कळवावे. तो माझ्या ऑर्डरच्या आधीचा असल्यास पाकीट बदलून द्यावे किंवा रक्कम परत करावी. दळल्यावर ब्लूम येत नाही, त्याचा व्हिडिओ सोबत आहे."

चव इथेही आहे, पण शेवटी आणि साक्षीदार म्हणून. मुख्य प्रश्नाचं उत्तर एक तारीख आहे, आणि ती त्यांच्या वहीत असते. माझ्या बाबतीत तारीख आलीच नाही. दुसरं पाकीट आलं, त्यावर रोस्टची तारीख पेनाने लिहिलेली.

या पत्राची एक कमजोरी मान्य करायला हवी. पानावर ताजेपणाचा दावाच नसेल तर ते लंगडं पडतं. 'बेस्ट बिफोर सहा महिने आहे, माल मुदतीत आहे' असं उत्तर येईल आणि कागदावर ते बरोबरही असेल, मग बिया दोन महिन्यांपूर्वीच्या का असेनात. तिथे चवीच्या पत्राला पर्याय नाही.

चॅट की मेल, यात फार विचार करू नये. चॅटची खिडकी मिटली की बोलणं गेलं. मेल तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर करावा, तो संकेतस्थळावर तळाशी कुठेतरी सापडतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल तर तो परत घ्यायला नकारही देता येत नाही. तरी गप्प बसले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर हाच मेल कामी येतो. तोवर पाकीट फेकू नका, आणि उरलेल्या बिया त्यातच राहू द्या.