बरणी साफ करणारी ‘फेसाची पावडर’: विकत घेण्याआधी हे वाचा

लोणच्याच्या बरण्यांचा तेलकटपणा आणि वास घालवणारी पावडर प्रदर्शनांत आणि आठवडी बाजारात पाकिटांत विकतात. विक्रेता काचेच्या बरणीला तेल-हळद फासतो, पावडर टाकतो, वरून कढत पाणी ओततो. भसाभस फेस येतो, ब्रश फिरवला की काच लख्ख! लोक दोन-दोन पाकिटं घेऊन जातात आणि घरच्या बरणीवर डाग तसाच राहतो.

फसवणूक डागातच आहे. नुकतं फासलेलं तेल कढत पाण्यानं आणि ब्रशनं तसंही निघतं. वर्षभर लोणचं राहिलेल्या बरणीच्या गळ्याशी मात्र तेल हवेनं सुकून वार्निशसारखं घट्ट बसलेलं असतं. नखानं खरवडलं तर त्याची चिकट, पिवळट साल निघते. त्यावर फेसाचा काही उपयोग नाही.

अशा पावडरीत बहुतेकदा खायचा सोडा आणि लिंबूफूल असतं. पाणी पडताच दोघं एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि खाली जवळपास नुसतं खारट पाणी उरतं. ओळखायचं असेल तर फेस बसल्यावर त्या पाण्यात चिमूटभर हळद टाका. पाणी पिवळंच राहिलं तर त्यात तेल कापणारा क्षार उरलेला नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हीच हळद लालभडक होते.

तोच धुण्याचा सोडा किराणा दुकानात स्वस्तात मिळतो. आधी कोरड्या कागदानं बरणी आतून पुसा, म्हणजे सुटं तेल निघेल. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोडा विरघळवा आणि रात्रभर बरणी गळ्यापर्यंत भरून ठेवा. काच थंड असेल तर आधी कोमट पाण्यानं तापवून घ्या, नाहीतर तडकते. हातमोजे घाला. सकाळी ब्रशनं घासून भांड्याच्या साबणानं धुवा आणि उन्हात उघडी ठेवा. हळदीचा उरलेला पिवळेपणा ऊनच उडवतं. एवढं करूनही वास आला तर झाकणातली रबरी रिंग हुंगून पाहा. वास बहुधा तिथेच मुरलेला असतो, ती बदलावी लागते.

चिनी मातीच्या बरणीत आणखी जपायला हवं. ‘जुनी बरणी नव्यासारखी करून देतो’ म्हणणारे ती अॅसिडनं किंवा ब्लीचनं पांढरी करतात. ब्लीच रंग उडवतं, आतलं तेल नाही. (घरी ही दोन्ही कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.) चकाकीवर केसासारख्या बारीक रेघा असतील तर तेल त्यांतून मातीत उतरलेलं असतं. परत घेताना ती पूर्ण कोरडी असू द्या, झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवा आणि उघडताक्षणी हुंगा. वास आला तर ती लोणच्याला नको. पैसे देण्याआधीच बरणी प्रकाशात फिरवून त्या रेघा शोधा.