माल स्वीकृती ते साठा-नोंद : कार्यपद्धतीच्या परिपत्रकाचा वापरानंतरचा अनुभव

माल उतरवून घेणे, तो खरेदी आदेशाशी ताडून पाहणे आणि साठ्यात नोंदवणे, या तीन कामांसाठी आमच्या भांडार विभागात काही महिन्यांपूर्वी नवे परिपत्रक लागू झाले. अशा परिपत्रकांत साधारणपणे काय असते, हे भांडारात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते, त्यामुळे कलमांची यादी येथे देत नाही. लिहायला बसलो त्याचे कारण केबलचा एक प्रकार आहे. संगणकावर तो 500 मीटर दिसत होता, उत्पादन विभागाने 400 मीटर मागितला आणि मांडणीवर प्रत्यक्षात 300 मीटरच निघाला. काम अडले, भांडारावर ठपका आला आणि परिपत्रक काढणाऱ्या विभागाचे म्हणणे असे की कार्यपद्धतीचे तंतोतंत पालन झालेले आहे. चीड आणणारी गोष्ट ही की त्यांचे म्हणणे खरे होते.

आधी जे चांगले आहे ते सांगतो, कारण सुरुवातीला माझे मत फार प्रतिकूल होते. परिपत्रकानुसार मोजणी करणाऱ्याच्या हाती जो मोजणी तक्ता दिला जातो, त्यावर वस्तूचे नाव आणि खरेदी आदेशातील ओळ क्रमांक असतो, पण मागवलेली संख्या छापलेली नसते. डिलिव्हरी चलानही मोजणी पूर्ण होईपर्यंत टेबलावरच राहते. पहिले काही आठवडे हा मला निव्वळ वेळकाढूपणा वाटला. गाडी दारात उभी, चालक घाईत आणि आपण समोर असलेला आकडा लपवून मोजत बसायचे. हे मत मी बदलले, कारण जुन्या पद्धतीत आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक आवक बरोबर निघत असे आणि वर्षाअखेरीच्या मोजदादीत मात्र तफावती सापडत. तक्त्यावर 48 लिहिलेले असले की थप्पीकडे पाहून माणूस 48 वर बरोबरची खूण करतो. आकडा समोर नसला की त्याला खरेच मोजावे लागते. नव्या पद्धतीत दारातच सापडणाऱ्या तुटी वाढल्या. याचा अर्थ पुरवठादार अचानक कमी माल पाठवू लागले असा नसून, पूर्वी त्या तुटी आम्ही सही करून पदरात घेत होतो, असा आहे.

खोक्यांची संख्या आणि बाहेरून दिसणारे नुकसान वाहतूकदाराच्या पावतीवर सही करण्यापूर्वीच लिहावे, हे कलमही योग्य आहे. कमी आलेला माल जेवढा आला तेवढाच नोंदवावा आणि उरलेल्या संख्येसाठी आदेशाची ओळ उघडी ठेवावी, याबद्दलही तक्रार नाही. मात्र हे सारे ज्या पायावर उभे आहे, त्या एककाविषयी संपूर्ण परिपत्रकात एकच वाक्य आहे : ‘मोजणी खरेदी आदेशातील एककात करावी.’ माझे सगळे भांडण या वाक्याशी आहे.

केबल आम्ही रोलमध्ये मागवतो आणि मीटरमध्ये वापरतो. वस्तूच्या मूळ नोंदीत एक रूपांतर गुणक भरलेला आहे : 1 रोल म्हणजे 100 मीटर. खरेदी आदेश 20 रोलचा होता. पुरवठादाराने 20 रोल पाठवले, मोजणी करणाऱ्याने आकडा न पाहता मोजले आणि 20 लिहिले. चलानावर 20, आदेशावर 20, काही दिवसांनी आलेल्या बिलावरही 20. लेखा विभागात आदेश, माल स्वीकृती नोंद आणि बिल ही तिन्ही कागदपत्रे जुळली आणि पैसे चुकते झाले. भांडारातील जुना साठा संपलेला असल्यामुळे संगणकाने 20 गुणिले 100 करून 2000 मीटर साठा दाखवला. पुरवठादाराने मात्र या खेपेपासून रोल 90 मीटरचा केला होता आणि रोलवरील लेबलावर ते स्पष्ट छापलेलेही होते. प्रत्यक्ष आवक 1800 मीटर होती. पुढे 1500 मीटर केबल उत्पादनाला दिली गेली, ती मीटरमध्ये मोजून आणि अगदी बरोबर. म्हणून वहीत 500 आणि मांडणीवर 300.

तिन्ही कागद जुळल्यावर आणखी काय तपासायचे, असे आम्हाला विचारण्यात आले. हे तिन्ही कागद रोलच्या भाषेत बोलतात, आणि चूक रोलमध्ये नसून रोल आणि मीटर यांच्या मधल्या गुणाकारात होती. तो गुणाकार कोणत्याही कागदावर दिसत नाही, तो संगणक मुकाट्याने करतो आणि त्याची पडताळणी कोणाचेच काम नसते. आकडा न पाहता केलेली मोजणीही येथे निरुपयोगी ठरते, कारण माणसाने मोजलेला आकडा खराच होता.

अशी तफावत चोरीची नाही, हे कसे ओळखावे? फरकाला रोलच्या संख्येने भागून पाहावे. 200 भागिले 20 केले की प्रत्येक रोलमागे नेमके 10 मीटर येतात. चोरी, कापताना होणारी नासाडी किंवा नोंद न करता दिलेला माल इतक्या नेटकेपणाने भागला जात नाही. फरक असा निःशेष भागला गेला की आधी गुणकाकडे पाहावे आणि मग माणसांकडे. आमच्याकडे क्रम उलटा लागला आणि रात्रपाळीच्या लोकांना विनाकारण जाबजबाब द्यावे लागले.

दुरुस्तीचा प्रश्न तर परिपत्रकाने अधिकच सोपा समजला आहे. त्यात लिहिले आहे की चुकीची स्वीकृती उलट नोंदीने रद्द करावी आणि पुन्हा बरोबर नोंदवावी. तत्त्व योग्य आहे, पण ते माल जागेवर असेपर्यंतच चालते. 2000 मीटरची आवक रद्द करायची तर खात्यात निदान तेवढा साठा असावा लागतो. येथे 500 उरले होते आणि आमची प्रणाली साठा ऋण होऊ देत नाही. शेवटी 200 मीटर ‘साठा तूट’ म्हणून खर्ची टाकण्यात आले. संख्या जुळली, हिशेब मात्र चुकीचाच राहिला. एका रोलचा दर 900 धरला तर 20 रोलचे 18,000 होतात. संगणकाने त्याला 2000 ने भागून मीटरला 9 हा दर लावला, खरा दर 1800 ने भागून 10 होता. उत्पादनाला दिलेल्या 1500 मीटरवर प्रत्येकी 1 कमी म्हणजे 1500 कमी खर्च पडला, शिल्लक 300 मीटरचे मूल्य 300 ने कमी राहिले आणि या दोन्हींची बेरीज, म्हणजे 1800, भांडाराच्या तुटीच्या खात्यावर येऊन बसली. पुरवठादाराने रोल आखूड करून केलेली दरवाढ अशा रीतीने आमच्या निष्काळजीपणाचा पुरावा ठरली. खरेदी विभागाला तर दर वाढल्याचे कळलेलेही नव्हते, कारण त्यांच्या दृष्टीने रोल अजून 900 लाच मिळत होता.

आम्ही लेखी सुचवले की अशा वस्तूंचा खरेदी आदेशच मीटरमध्ये काढावा, दरही मीटरचा असावा आणि रोलची संख्या केवळ वेष्टनाची माहिती म्हणून लिहावी. पुरवठादार दर रोलवरच देतो, म्हणून हे व्यवहार्य नाही, असे उत्तर आले. हे उत्तर मला प्रथम टाळाटाळीचे वाटले होते, पण त्यात थोडे तथ्य आहे हे मान्य करावे लागेल : आदेश मीटरमध्ये आणि बिल रोलमध्ये आले तर लेखा विभागात तोच गुणाकार कोणीतरी हाताने करील आणि चूक फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल. शिवाय एकाच वस्तूचे दोन पुरवठादार असले आणि त्यांचे रोल वेगवेगळ्या लांबीचे असले, तर मूळ नोंदीतील एकच गुणक दोघांसाठी खरा असू शकत नाही. तेव्हा गुणक स्थिर न ठेवता प्रत्येक आवकेच्या वेळी प्रत्यक्ष लांबी भरण्याची सोय असणे, हाच त्यावरचा उपाय आहे. ती सोय आमच्या प्रणालीत आहे, मात्र ती वस्तूगणिक सुरू करावी लागते आणि त्यासाठीचा अर्ज अजून मंजुरीत अडकला आहे.

तोपर्यंत आम्ही मोजणी तक्त्यावर हाताने एक रकाना आखतो : ‘वेष्टनावर छापलेले परिमाण’. मोजणारा रोलची संख्या लिहितो आणि शेजारी लेबलावरील लांबी उतरवतो. लेबलावर विश्वास न ठेवण्याचे कारण असेल तर केबलच्या आवरणावर दर मीटरला छापलेले क्रमांक कामी येतात. दोन्ही टोकांजवळच्या क्रमांकांतील फरक म्हणजे लांबी, रोल उलगडण्याची गरज पडत नाही. क्रमांक नसतील तर रोलच्या वजनातून रिकाम्या रिळाचे वजन वजा करून मीटरमागील वजनाने भागावे. पण हे मीटरमागील वजन आपण स्वतः एक तुकडा मोजून काढलेले असावे, कारण तांब्याच्या जाडीतील लहानसा फरकही लांबीच्या अंदाजात उतरतो. म्हणून ही पद्धत दहा टक्क्यांची तूट पकडते, एक टक्क्याची पकडू शकत नाही.

लेबलावरील परिमाण गुणकाशी जुळले नाही, तर माल ‘रोखून ठेवलेला’ या जागेवर नोंदवला जातो, वापरासाठी खुला केला जात नाही. या टप्प्यावर उलट नोंद सहज होते, कारण त्यातून अजून काहीच बाहेर गेलेले नसते. उत्पादन विभाग या विलंबावर कुरकुरतो, आणि तातडीच्या मालाच्या बाबतीत ती कुरकुर रास्तही असते. अशा वेळी आम्ही रोलवरील लांबीनुसार गुणक बदलून घेण्याची मंजुरी दूरध्वनीवर मागतो आणि लेखी मंजुरी त्याच दिवशी फाइलला लावतो. गुणक बदलताना पूर्वीचा साठा त्याच वस्तूखाली पडून असेल तर तो कोणत्या एककात धरला जातो हे आधी तपासावे लागते. आमच्याकडे साठा मीटरमध्येच असल्यामुळे जुन्या शिलकीला धक्का लागत नाही. साठा रोलमध्ये ठेवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र गुणक बदलताच जुने रोलही आखूड होतील.

परिपत्रकाची सुधारित आवृत्ती येणार असे सांगितले जाते. तिच्यात एककाचे ते वाक्य बदलून ‘मोजणी खरेदी आदेशातील आणि साठ्यातील अशा दोन्ही एककांत करावी’ असे झाले, तर आमचा हाताने आखलेला रकाना बंद होईल. रंग, चिकट पट्टी आणि वजनावर येणारे खिळे यांच्या मूळ नोंदींतील गुणक मात्र त्याआधीच तपासायला घेतले आहेत, आणि खिळ्यांचा गुणक पहिल्याच पेटीत चुकीचा निघाला.