गौरी ते संक्रांत: कौटुंबिक समूहातल्या व्हॉइस नोटांवरून प्रत्येकाची कामे काढण्याचा अनुभव

आमच्या घरच्या गौरी वाईला बसतात आणि त्यासाठी ठाणे, पुणे आणि नाशिक येथून नातेवाईक जमतात. तयारीचे सगळे बोलणे व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक समूहात होते; वडीलधारी मंडळी टाइप करण्याऐवजी व्हॉइस नोट पाठवतात आणि एकाच नोटेत पुरण, गाडी, मुखवटे आणि कोणाची तरी गुडघेदुखी असे सगळे येते. जुलै २०२५ पासून या नोटांचा मजकूर करून त्यातून प्रत्येकाची कामे वेगळी काढण्यासाठी मी एक एआय साधन वापरत आहे. गौरी, भाऊबीज आणि संक्रांतीचे हळदीकुंकू या तीन निमित्तांनी ते पारखून घेता आले. बोललेले मराठी उतरवून घेण्यात ते अपेक्षेपेक्षा बरेच चांगले आहे. काम नेमके कोणाचे, हे ठरवताना मात्र घराची माहिती आपण आधी पुरवली नाही तर त्यावर विसंबता येत नाही.

आधी नोटा बाहेर कशा काढाव्या लागतात ते सांगतो. समूहाचे चॅट माध्यमांसह एक्स्पोर्ट केले की एक मजकूर फाइल आणि सोबत ध्वनिफिती मिळतात. अँड्रॉइडवर त्यांची नावे `PTT-20250826-WA0014.opus` अशा धर्तीची असतात. नावात तारीख असते, पण वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव मजकूर फाइलमध्येच असते, त्यामुळे दोन्ही एकत्र दिल्याशिवाय कोण बोलले ते साधनाला कळत नाही. याहून महत्त्वाची उणीव अशी की एखाद्या नोटेला उद्देशून दिलेले उत्तर एक्स्पोर्टमध्ये साध्या संदेशासारखेच उतरते आणि ते कशाला दिले होते, ती खूण नाहीशी होते. आईची “हो, ते मी करते” ही नोट प्रत्यक्षात ओटीच्या साहित्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून होती. एक्स्पोर्टमध्ये मात्र ती मांडवाच्या बोलण्यानंतर आली आणि पहिल्या सारांशात मांडव आईच्या नावावर लागला. अशा तुटक होकारांसमोर मी आता हाताने एका ओळीत संदर्भ लिहितो आणि मगच पुढे पाठवतो.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागले ते नात्यांकडे. नाशिकच्या आत्याची एक नोट अशी होती: “वहिनी म्हणाल्या पुरण त्याच करतील, मी फक्त कटाची आमटी करते, डाळ मात्र इथूनच आणते.” साधनाने पुरणाचे काम माझ्या चुलतभावाच्या पत्नीकडे दिले, कारण समूहातील आम्ही बहुतेक भावंडे तिलाच वहिनी म्हणतो. आत्यासाठी मात्र वहिनी म्हणजे तिच्या भावांच्या बायका, म्हणजे माझी मोठी काकू आणि माझी आई. त्या दोघींपैकी काकूच पुरण करते हे घरातल्या कोणालाही न सांगता कळते, पण मजकुरात ते कुठेच लिहिलेले नव्हते. तेव्हापासून मी बोलणाऱ्यानुसार एक छोटी यादी नोटांच्या आधी जोडतो:

```
आत्या बोलत असेल तर: वहिनी = मोठी काकू किंवा आई; दादा = मोठे काका किंवा बाबा
भावंडे बोलत असतील तर: वहिनी = चुलतभावाची पत्नी
एकाहून अधिक शक्यता असतील तर नाव लिहू नकोस, प्रश्न लिही
```

यातील शेवटची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. ती नसताना साधन शंका असली तरी एक नाव ठामपणे लिहून मोकळे होते, ती दिल्यावर “पुरण: मोठी काकू की आई? आत्याला विचारावे” अशी ओळ येते आणि एका फोनमध्ये प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण बोलण्याच्या ओघात बदलत गेलेल्या निर्णयांची आहे. ३० ऑगस्टच्या शनिवारी आत्याला पुण्याहून वाईला आणायचे होते. चुलतभावाने प्रथम “आत्याला मी घेतो” असे सांगितले, नंतरच्या नोटेत “शनिवारी सुट्टीचे नक्की नाही, बघतो” म्हणाला आणि रात्री ठाण्याच्या काकांनी “मग मीच पुण्यावरून येतो” असे सांगितले. पहिल्या सारांशात हे काम दोघांच्याही नावावर होते, म्हणजे प्रत्येकाला दुसरा नेईल असे वाटण्याची पुरेपूर सोय झाली होती. मी आता प्रत्येक कामापुढे “ठरले”, “तयारी दाखवली” किंवा “नुसता विषय निघाला” यांपैकी एक स्थिती लिहून मागतो आणि नंतरची नोट आधीच्या नोटेवर मात करेल हे स्पष्ट सांगतो. “बघतो” हा होकार धरायचा नाही, हेही वेगळे लिहावे लागते. आमच्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, त्यामुळे ही सूचना वगळली की अर्धी यादी खोटी ठरते.

दिवसांच्या बाबतीत उपाय सोपा निघाला. घरात कोणी तारीख बोलत नाही. “गौरी येतात त्या दिवशी” आणि “जेवणाच्या दिवशी” असेच बोलतात. २०२५ मध्ये आवाहन ३१ ऑगस्टला, पूजन १ सप्टेंबरला आणि विसर्जन २ सप्टेंबरला होते. एवढे वर लिहून दिल्यावर आवाहनाची भाजी-भाकरी आणि पूजनाची पुरणपोळी आपापल्या दिवसाखाली बरोबर गेली. मापांचा भरवसा मात्र मी अजूनही धरत नाही. आत्याने डाळ “पावणेदोन किलो” सांगितली होती आणि सारांशात ती २.७५ किलो झाली. मापे बोलली तशीच अक्षरात ठेवावीत, आकड्यांत बदलू नयेत, असे सांगितल्यापासून हा प्रकार थांबला आहे.

मजकूर उतरवण्यातील चुका बहुधा लगेच ओळखू येतात, कारण नावे विचित्र होतात किंवा वाक्य अर्धवट राहते. धोकादायक असतात त्या सुबक चुका. मिक्सर चालू असताना किंवा नोटेच्या शेवटी नुसती शांतता असताना साधन कधीकधी न बोललेले वाक्य लिहून टाकते. चार-पाच सेकंदांच्या नोटेतून तीन पूर्ण वाक्ये निघाली, तर ती नोट मी स्वतः ऐकतो. याच कारणाने प्रत्येक कामासोबत बोलणाऱ्याचे मूळ शब्द आणि नोटेची वेळ मागण्याचा नियम मी कधीच सोडत नाही. वाद झालाच तर नोट शोधायला क्षणही लागत नाही. आजारपणाच्या किंवा पैशाच्या नोटा मी आधीच बाजूला काढतो, आणि बाकीच्या बाहेरच्या सेवेकडे पाठवण्यापूर्वी समूहात सर्वांची संमती घेतली आहे.

भाऊबीजेच्या वेळी नोटा मोजक्याच होत्या आणि तेव्हा हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटला. एकदा ऐकून कागदावर लिहिणे त्याहून लवकर झाले. बोलणे दोन-तीन दिवस चालले असेल आणि बोलणारी माणसे पाच-सहाहून अधिक असतील, तरच या साधनाचा उपयोग आहे. संक्रांतीला तसे झाले होते आणि तेव्हा मी माणसागणिक याद्यांच्या खाली “कोणाकडेच नाही” अशी एक यादी मागून घेतली. तिच्यात वाणाच्या वस्तू आणि शेजारच्या बायकांना आमंत्रण देणे ही दोन कामे आली. दोन्हींचा उल्लेख तिघी-चौघींच्या नोटांत होता, पण कोणीही ती स्वतःकडे घेतली नव्हती. ही यादी समूहात टाकल्यावर आमंत्रणांचे काम वहिनीने घेतले, म्हणजे चुलतभावाच्या पत्नीने, आणि वाणासाठी आईने त्याच संध्याकाळी स्टीलच्या वाट्या आणल्या.