डुप्लिकेट आरसी निघाली, पण चेसिस नंबरने घाम फोडला

चोराला माझ्या आरसीशी काही देणंघेणं नव्हतं. बंदरावर सकाळच्या मासळीच्या लिलावाची गर्दी, मोटरसायकल बर्फाच्या टेम्पोमागे लावलेली. साइड डिकीचं कुलूप उचकटून त्याने आतला रेक्झिनचा पाऊच नेला. पाऊचात थोडे पैसे, पीयूसीचा कागद आणि आरसीचं स्मार्ट कार्ड. हँडलला टांगलेली सुरमई मात्र जागच्या जागी होती, म्हणजे माणूस बाहेरचा असणार.

डुप्लिकेट कार्ड हातात येऊन आता काही महिने झालेत. फॉर्म 26 भरायचा, फी ऑनलाइन भरायची, पोलिसांचा दाखला, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा जोडायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे, ते परत उगाळत नाही. पैशांचं तेवढं सांगतो, कारण तिथेच लोकांना गंडवतात. दुचाकीच्या नोंदणीची फी 300 रुपये आणि डुप्लिकेटला तिच्या निम्मी, म्हणजे 150. स्मार्ट कार्डाचे 200 आणि वर पोस्टेज. कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे बसलेल्या एजंटने मला दीड हजार सांगितले. वरचे हजारभर कसले म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘धावपळीचे.’ धावायला मला पाय आहेत.

आधी पोलीस. नियम असा की आरसी जिथे गेली त्या हद्दीतल्या ठाण्यातच कळवायचं, आपल्या गावच्या नाही. ठाण्यात मला दोन-तीनदा सुचवण्यात आलं की ‘गहाळ’ लिहा, लवकर सुटाल. गहाळच्या दाखल्यावरही आरटीओचं काम होतं, हे खरं. पण डिकीचं कुलूप तुटलेलं समोर दिसतंय, आणि माझ्या नावाचं खरं कार्ड कुणा भलत्याच्या खिशात फिरतंय. उद्या त्याने त्या कार्डावर काही उद्योग केले, तर ‘माझ्याकडून हरवलं’ आणि ‘माझ्याकडून चोरलं’ यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चोरी लिहून घ्या म्हणून मी बसून राहिलो आणि शेवटी लिहून घेतली.

पण पहिल्या मसुद्यात शब्द होते ‘गाडीची कागदपत्रे’. एवढ्याच शब्दांवर आरटीओचा क्लार्क कागद परत करतो. गाडीचा नंबर आणि ‘नोंदणी प्रमाणपत्र’ हे शब्द त्यात स्पष्ट लागतात, म्हणून सहीशिक्का व्हायच्या आत वाचून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी बंदरापर्यंत परत पेट्रोल जाळायचं, ते वेगळंच.

मग `parivahan.gov.in`. गाडीचा नंबर टाकला की चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक मागतो, आणि ओटीपी जातो नोंदीत असलेल्या मोबाइलवर. माझ्या नोंदीत विक्रेत्याने बहुधा स्वतःचाच नंबर टाकला होता. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे सर्रास झालंय. मोबाइल बदलायचा तर पूर्ण चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि नोंदणीची मुदत द्या म्हणतो. हे सगळं कुठे असतं? चोरीला गेलेल्या कार्डावर! विम्याच्या पॉलिसीवर चेसिस आणि इंजिनचे नंबर असतात, ते तिथून उचलले. तारखा जुन्या झेरॉक्सवर सापडल्या, जी बायकोने रेशनकार्डाच्या फाइलमध्ये सांभाळून ठेवली होती. कार्ड जवळ आहे तोवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, फुकट होतं.

आधार जुळलं तर हे काम घरबसल्याही होतं. पण माझ्या आरसीवर नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त आहे, आधारवर नाही. त्यामुळे तो रस्ता बंद, आणि प्रिंट काढलेल्या अर्जासकट कार्यालयात हजर.

आता मुख्य दुखणं. अर्जासोबत चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. फोटो चालत नाही, खुद्द गाडीवर ठोकलेल्या आकड्यांचा ठसा हवा. मोटरसायकलवर हा नंबर हँडलखालच्या मानेवर असतो, माझ्या गाडीत उजव्या बाजूला. शोरूममधून निघालेल्या गाडीवर हे दोन मिनिटांचं काम आहे. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत समुद्राकाठी वाढलेल्या गाडीची मान मात्र बघा. खारा वारा रंगाच्या आत शिरतो, रंग पापडासारखा उचलतो आणि खाली गंज बसतो. माझ्या गाडीवर सतरापैकी मधली चार-पाच अक्षरं चाचपून कळत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. गॅरेजवाल्याने बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, “काका, ह्यो नंबर गंजान खाल्लो.”

पहिला प्रिंट खिडकीवर दिला तो तिथेच परत आला. तीन आहे की आठ, कळत नाही म्हणे. मी म्हटलं, तुमच्या स्क्रीनवर नंबर आहेच की. ‘स्क्रीनवरचा आम्हाला माहीत आहे, गाडीवरचा बघायचाय.’ त्या दिवशी मला हे उत्तर शुद्ध आडमुठेपणाचं वाटलं होतं.

गॅरेजमधला पोरगा लगेच पॉलिश पेपर घेऊन आला. त्याला हात लावू दिला नाही आणि कुणीही देऊ नये. ठोकलेला आकडा म्हणजे पत्र्यातला खळगा. आजूबाजूचा पत्रा घासला की खळगा उथळ होतो आणि नंबर कायमचा जातो. शिवाय नंबराभोवती ताजं घासलेलं दिसलं की तपासणारा पहिली शंका घेतो ती खाडाखोडीची. ग्राइंडरचं तर नावच नको. नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा असेल तर आरटीओची परवानगी लागते. परस्पर ठोकला तर चोरीच्या गाडीचा संशय आपल्यावर.

आम्ही केलं ते असं. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून नंबरावर बांधली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी गंजाची पूड सुटली होती, ती जुन्या टूथब्रशने अक्षरांच्या आतून काढली. मान सुक्या फडक्याने खडखडीत कोरडी केली. तेलकट राहिली तर पेन्सिल धरत नाही. मग कागद वर ठेवून घासण्याऐवजी उलटं केलं. चित्रकलेच्या 6बी पेन्सिलीने थेट पत्र्यावर, नंबराला आडवं, हलकं घासलं. त्यावर रुंद सेलोटेप न सुरकुतता दाबली, सरळ उचलली आणि पांढऱ्या कागदावर चिकटवली. पत्रा काळा आणि आकडे पांढरे असे उमटले. मानेच्या गोलाईवर कागद सरकतो आणि आकडे दुहेरी येतात, टेप सरकत नाही. चार टेपा काढल्या आणि त्यातल्या बऱ्या दोन लावल्या.

अक्षर ओ आहे की शून्य यावर गॅरेजमध्ये अर्धा तास वाद झाला. तो वाद घालूच नका. सतरा अक्षरी चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. गोल दिसलं की शून्य, नुसती दांडी दिसली की एक.

दुसऱ्या वेळी प्रिंट घेतला. तरी निरीक्षकाने गाडी आवारात आणायला लावलीच, मानेजवळ वाकून एकेक अक्षर बोटाने मोजलं, आणि मग सही केली.

इथपर्यंतचा मजकूर मी पाऊस लागायच्या आधी लिहून ठेवला होता आणि त्यात या प्रिंट प्रकरणाला बऱ्याच शिव्या होत्या. मधल्या काळात शेजाऱ्याच्या मुलाने जुनी गाडी बघितली. आरसी अस्सल, नंबर प्लेट तीच, रंग तोच. टोकन द्यायच्या आधी त्याला मानेवरचा नंबर वाचायला लावला, तर शेवटचे तीन आकडे कार्डाशी जुळेनात. गाडी दुसरीच होती. तेव्हा लक्षात आलं की चोरीला गेलेलं कार्ड बनावट नसतं, अस्सल असतं. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी त्या कार्डावर बिनबोभाट फिरू शकते, आणि उद्या तिचा मालक म्हणून डुप्लिकेट मागायलाही कुणी येऊ शकतो. कार्ड, प्लेट, विमा यातलं काहीही जुळवून आणता येतं, मानेवरचा खळगा मात्र सहज जुळत नाही. म्हणून त्या शिव्या काढून टाकल्या. खिडकीवरच्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर माझं रक्त कमी आटलं असतं, एवढी तक्रार ठेवतो.

एजंटबद्दलचं मत तेच आहे. त्याने माझ्यादेखत एकाचा प्रिंट ‘करून देतो’ म्हणून घेतला आणि पुसट आकडे पेनाने गिरवले. तो अर्ज परत आला आणि धावपळीचे पैसेही गेले.

कर्ज असलेल्यांसाठी एक गोष्ट. नोंदीत फायनान्स कंपनीचं नाव असेल तर फॉर्म 26 वर त्यांची संमती लागते. हप्ते फिटले म्हणजे नाव आपोआप निघत नाही. आमच्या वाडीतल्या एका रिक्षावाल्याचं कर्ज केव्हाच फिटलंय, नाव अजून तसंच आहे, आणि त्या कंपनीची इथली शाखा बंद झालीय. त्याची डुप्लिकेट अजून लटकलेलीच आहे. माझ्या नोंदीतलं कंपनीचं नाव मी वेळेवर कमी करून घेतलं होतं.

अर्ज मंजूर झाल्यावर कार्ड स्पीड पोस्टाने येतं. भरपूर उशीर लागला, पण दरम्यान काही अडलं नाही. डिजिलॉकरमधली आरसी 2018 पासून नियमात ग्राह्य आहे. नाक्यावर दोनदा दाखवली, दोन्ही वेळा पोलिसाने बघून परत दिली. मग प्लास्टिकचं कार्ड कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण गाडी विकायला गेलात किंवा गाडीच चोरीला जाऊन विम्याचा दावा करायला गेलात, की समोरचा आधी मूळ आरसी मागतो. त्यामुळे कार्ड आता घरी लोखंडी कपाटात आणि गाडीवर फोन. मानेवरच्या नंबराला मी ग्रीस फासून वर प्लास्टिकची पट्टी बांधलीय, दर पावसाळ्याआधी नवीन लावणार.

नवीन कार्डावरही तो जास्तीचा ‘ए’ जसाच्या तसा छापून आलाय. नावदुरुस्तीचा अर्ज वेगळा, फी वेगळी, आणि प्रिंट परत काढावा लागेल का, हे विचारायची मला हौस नाही. गाडीला बारा वर्षं झालीत, त्या ‘ए’सकटच ती भंगारात जाईल.