कॅमेऱ्याचा कोपरा: खाली उजवीकडे, वर उजवीकडे की उभी पट्टी?

रेकॉर्ड केलेल्या तासात शिक्षकाचा चेहरा दिसावा असं ठरलं, की स्लाइडवर त्याची जागा मोकळी ठेवावी लागते. पर्याय तीन: खालचा उजवा कोपरा, वरचा उजवा कोपरा, किंवा उजव्या बाजूची अख्खी उभी पट्टी. मी दहावीची भूमिती मराठी माध्यमातून शिकवतो आणि हे तिन्ही पर्याय वापरले आहेत. दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला माझं मत तंतोतंत लागू पडेलच असं नाही.

बहुतेक जण खालचा उजवा कोपरा निवडतात. चेहरा तिथे शोभतो, शीर्षक मोकळं राहतं आणि आकृती वर ऐसपैस बसते. इतिहासाच्या किंवा भाषेच्या तासाला, जिथे स्लाइडवर चार मुद्दे असतात आणि ओळी आखूड असतात, तिथे या कोपऱ्याचा फारसा त्रास होत नाही.

भूमितीत मात्र होतो, कारण आपल्या सिद्धतेची मांडणीच तशी असते. डावीकडे विधान, उजवीकडे कंसात कारण. समजा ΔABC मध्ये रेख DE || बाजू BC, A-D-B, A-E-C, AD = ४, AB = १०, BC = १५ आणि DE काढायचं आहे. फळ्यावर ते असं उतरतं:

∠ADE ≅ ∠ABC … (संगत कोन)
∠DAE ≅ ∠BAC … (सामाईक कोन)
∴ ΔADE ∼ ΔABC … (कोको कसोटी)
∴ AD/AB = DE/BC … (समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)
∴ ४/१० = DE/१५, म्हणून DE = ६

कारणं खाली जाताना लांबत जातात. सगळ्यात लांब कारण शेवटाकडे येतं आणि उजव्या कडेला टेकतं. कॅमेऱ्याची खिडकी नेमकी तिथेच असते. परीक्षेत गुण त्या कारणालाही असतात, त्यामुळे मुलं व्हिडिओ थांबवतात ती तेच उतरवून घ्यायला.

पॉवरपॉइंटच्या मूळ मांडणीत हे मोजूनही दिसतं. १६:९ची स्लाइड ३३.८७ सेंमी रुंद आणि १९.०५ सेंमी उंच असते. खिडकीची रुंदी आणि उंची पडद्याच्या एक पंचमांश ठेवली, तर ती ६.७७ × ३.८१ सेंमी होते. ती खालच्या कोपऱ्यात ठेवली, की मजकुराच्या चौकटीवर उजवीकडून साधारण साडेचार आणि खालून जवळजवळ दोन सेंमी चढते. म्हणजे शेवटची एखाद-दुसरी ओळ जाते.

यावर उपाय आहेत, पण मला त्यांचाच कंटाळा आला. पॉवरपॉइंट मजकूर आकृतीभोवती वळवत नाही. मग एक तर पूर्ण चौकट अरुंद करा आणि वरच्या ओळींचीही जागा घालवा, नाहीतर शेवटच्या ओळींसाठी वेगळी आखूड चौकट जोडा. दोन चौकटी केल्या, की मध्ये एक पायरी वाढवताच खालचं सगळं हाताने सरकवावं लागतं. प्रत्येक धड्यात, प्रत्येक दुरुस्तीला तेच. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

वरच्या उजव्या कोपऱ्यात हा प्रश्न मुळातच येत नाही. मूळ मांडणीत मजकूर वरून सुमारे पाच सेंमी सोडून सुरू होतो आणि ३.८१ सेंमीची खिडकी त्याच्या वरच संपते. अरुंद करायची ती फक्त शीर्षकाची चौकट. सिद्धता पूर्ण रुंदीत खालपर्यंत जाते, पायऱ्या वाढल्या तरी कोपऱ्याला हात लावावा लागत नाही. किंमत एकच: शीर्षक आटोपशीर हवं. ‘प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचा व्यत्यास’ हे दोन ओळींत जातं आणि मोठ्या अक्षरांत वरच्या वेलांट्या-मात्रा दाटतात. तिथे मी अक्षर थोडं लहान करतो.

यूट्यूबवरही हा कोपरा मला जास्त सोयीचा वाटतो. सबटायटल आणि सरकपट्टी खाली येतात, म्हणजे तळाशी आधीच गर्दी असते. वर उजवीकडे कधी कार्डाचं चिन्ह येतं, पण ते फार तर माझ्या केसांवर येतं, गणितावर नाही. शिवाय कॅमेरा बहुधा पडद्याच्या वर बसवलेला असतो, त्यामुळे आपण पडद्याकडे पाहतो तेव्हा नजर खाली झुकलेली दिसते. खिडकी वर असेल, तर खालच्या सिद्धतेकडे पाहून बोलतोय असं वाटतं. खिडकी खाली असली, की नजर चौकटीबाहेर गेल्यासारखी दिसते. हे माझ्या डोळ्यांचं मत आहे, पण ज्यांना दोन्ही दाखवले त्यांनाही तसंच जाणवलं.

उभी पट्टी हा सगळ्यात निर्धोक पर्याय. ४:३ची स्लाइड १९२० × १०८० च्या पडद्यावर १४४० रुंदी घेते आणि उरलेली ४८० पूर्ण तुमची. काहीच झाकलं जात नाही, चेहरा मोठा दिसतो आणि जुन्या ४:३च्या स्लाइड जशाच्या तशा चालतात. जुना साठा मोठा असेल, तर मी हाच पर्याय सुचवेन. पण पडद्याचा पाव भाग जातो. मुलं मोबाइलवर पाहतात, आणि विधान व कारण एका ओळीत बसवायला अक्षर इतकं लहान करावं लागतं की ‘संगत’ आणि ‘संमुख’ वाचताना डोळे बारीक करावे लागतात.

वरचा कोपरा घ्यायचा ठरवलात, तर तो प्रत्येक स्लाइडवर हाताने आखू नका. View → Slide Master उघडा, डावीकडच्या सगळ्यात वरच्या मोठ्या स्लाइडवर ६.७७ × ३.८१ सेंमीचा करडा आयत काढा आणि डावीकडून २७.१, वरून ० अशी जागा द्या. शीर्षकाची चौकट २६ सेंमीच्या अलीकडे संपवा. आयत मास्टरवर असल्यामुळे काम करताना चुकून हलत नाही. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, १९२० × १०८० च्या पडद्यावर, कॅमेऱ्यावर Ctrl+E दाबून जागा १५३६, ० आणि आकार ३८४ × २१६ दिला, की खिडकी बरोबर आयतावर बसते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ज्या स्लाइडवर शीर्षकाची चौकट आधी हाताने ओढलेली असेल, तिथे मास्टरमधला बदल पोहोचत नाही. Home → Reset दाबावं लागतं. मजकुरासाठी वेगळी टेक्स्ट बॉक्स टाकली असेल, तर तिला Reset ही लागू होत नाही, ती स्वतःच बाजूला घ्यावी लागते. म्हणून पूर्ण धडा रेकॉर्ड करण्याआधी सगळ्यात लांब शीर्षकाची आणि सगळ्यात लांब सिद्धतेची अशा दोनच स्लाइड मिनिटभर रेकॉर्ड करतो, आणि त्या मोबाइलवर, सबटायटल चालू ठेवून, शेवटच्या ओळीवर थांबवून पाहतो.