सरासरी काढायची की c शोधायचा?

"फलनाची सरासरी आणि संकलनाचं मध्यमूल्य प्रमेय, गणितात नेमकं काय वापरू?" असं भाचीनं विचारलं. f(x) = x² आणि अंतराल [0, 3] घेऊन दोन्ही शेजारी मांडू.

सरासरी म्हणजे संकलनाला अंतरालाच्या लांबीनं भागणं. संकलन 9, लांबी 3, म्हणून सरासरी 3. टोकांच्या किमतींची सरासरी 4.5 येते, ती इथे चालत नाही, कारण x² बराच वेळ लहानच राहतो. प्रमेय पुढचं सांगतं: फलन ही सरासरी किंमत अंतरालातल्या कुठल्यातरी बिंदू c वर प्रत्यक्ष घेतं. c² = 3, म्हणजे c = √3. अंतरालाचा मध्य 1.5, पण c तिथे नाही.

अटींत मात्र मोठा फरक आहे. [0, 1) वर 0 आणि [1, 2] वर 2 असं फलन घ्या. सरासरी 1 येते, पण फलन 1 ही किंमत कुठेच घेत नाही. सरासरीला संकलन निघालं की पुरतं. प्रमेयाला सातत्य लागतं.

कष्टही सारखे नाहीत. x + eˣ ची [0, 1] वरची सरासरी e − 1/2 लगेच निघते, पण c + eᶜ = e − 1/2 नेहमीच्या बीजगणितानं सुटत नाही. अंदाजानं c ≈ 0.526.

तापमान, वेग यांचा आकडा हवा असेल तर सरासरी काढ. सिद्धता लिहायची असेल तर प्रमेय घे: [x, x+h] वरची सरासरी f(c) असते, h → 0 झालं की c → x, आणि संकलनाचं विकलन f(x) मिळतं. तिथे c ची किंमत शोधावीच लागत नाही.