कीलाइमचे नऊ महिने, आणि पीसीआर ७ ने मोडलेली एक झोप

आमच्याकडे ३८ सर्व्हर आहेत आणि त्यांच्यावर नऊ महिन्यांपासून कीलाइम चालू आहे. सर्व्हर बूट होताना काही बदललंय का हे दुरून तपासणारा, एमआयटी लिंकन लॅबोरेटरीत सुरू झालेला हा मुक्तस्रोत प्रकल्प. सर्व्हरवर एजंट बसतो. व्हेरिफायर वेगळ्या मशीनवर असतो आणि ठरावीक अंतराने त्याला विचारतो, 'टीपीएम या सुरक्षा चिपची सही केलेला हिशेब दाखव.' दर वेळी तो नवा यादृच्छिक आकडा पाठवतो, म्हणजे जुनी सही पुन्हा खपवता येत नाही.

हिशेब पीसीआर नावाच्या रजिस्टरांत असतो. बूट होताना प्रत्येक टप्पा पुढचा टप्पा चालवण्याआधी त्याचा हॅश टीपीएमला देतो. टीपीएम जुन्या किमतीला हा हॅश जोडतो, त्या जोडीचा पुन्हा हॅश काढतो आणि तो ठेवून देतो. खोडायची सोय नाही, रीबूट झाल्याशिवाय मागे जाता येत नाही. ० मध्ये फर्मवेअरचा कोड, ४ मध्ये बूटलोडर, ७ मध्ये सिक्युअर बूटच्या किल्ल्या आणि याद्या, ८ मध्ये ग्रबच्या आज्ञा.

बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात सहकाऱ्याने मुद्दाम खोडी काढली. मला न सांगता एका चाचणी सर्व्हरच्या कर्नल ओळीत `mitigations=off` टाकून रीबूट केलं. मशीन नेहमीसारखी वर आली, सेवा चालू झाल्या, पण एजंटने पहिला हिशेब दिला तोच पीसीआर ८ जुळेना. सिक्युअर बूट याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने सह्या सगळ्या ठीक होत्या. इथे मला हे प्रकरण पटलं.

मग सप्टेंबर आला. मेमरी बदलायला रात्री तीन सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केले आणि तिन्ही नापास. व्हेरिफायर एकदा हिशेब चुकीचा ठरवला की त्या एजंटला पुन्हा विचारतच नाही. हाताने परत नोंदवावं लागतं. रात्री दीड वाजता तीन मशीन लाल, आणि संशय साहजिकच मेमरी बदलणाऱ्यांवर.

शांतपणे पाहिलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पीसीआर ०, ४ आणि ८ जसेच्या तसे, फक्त ७ बदललेला. आणि तिन्ही मशीनवर ७ ची नवी किंमत एकच. तीन वेगवेगळ्या मशीनवर कुणी छेडछाड केली तर ती इतकी शिस्तीत कशी जुळेल? खात्रीसाठी बूटच्या मोजण्यांची नोंदवहीच उघडली. सुदैवाने पहिल्या दिवशीची प्रत जपून ठेवली होती.

```
tpm2_eventlog /sys/kernel/security/tpm0/binary_bios_measurements > nava.yaml
diff juna.yaml nava.yaml
```

पीसीआर ७ च्या नोंदींत फरक एकाच ठिकाणी होता, `UnicodeName: dbx`. ही बंदी घातलेल्या बूटलोडरांची यादी. जुलैत फर्मवेअर अपडेट करणाऱ्या fwupd ने ती वाढवली होती. यादी लगेच लिहिली जाते, पण मोजली जाते पुढच्या बूटला, आणि आमचे सर्व्हर दोन महिने रीबूटच झाले नव्हते. म्हणून कारण जुलैचं, बोंब सप्टेंबरात. उरलेले ३५ हिरवे होते ते केवळ अजून बंद झाले नव्हते म्हणून!

चूक आमची. आम्ही पीसीआरच्या किमती जशाच्या तशा पाठ करून ठेवल्या होत्या. आता व्हेरिफायर आधी नोंदवहीवरून पीसीआरची किंमत पुन्हा काढतो, सही केलेल्या किमतीशी ती जुळली तरच नोंदी तपासतो. dbx साठी आमचा नियम असा की जुन्या सगळ्या नोंदी हव्यात, भर पडली तर चालेल. यादी लहान झाली तर मात्र ओरड. नियम पायथॉनमध्ये लिहावे लागतात आणि ते लिहायला मला तीन आठवडे लागले. आयत्या उदाहरणावर भागेल असं समजू नका. पीसीआर १ आम्ही सोडूनच दिला, कारण बूटचा क्रम बदलला तरी तो बिघडतो.

हिशेब किती अंतराने मागायचा हे ठरवणारा `quote_interval` मुळात २ सेकंद असतो, आम्ही ६० केला. बूटच्या किमती चालू मशीनवर सहसा हलत नाहीत, त्यामुळे इतकं सतत विचारण्यात अर्थ नव्हता. चालत्या फायली मोजणारं आयएमए लावलंत तर गोष्ट वेगळी. आम्ही ते चार सर्व्हरवर लावून महिन्याभरात काढलं, कारण प्रत्येक पॅकेज अपडेटआधी मान्य हॅशची यादी तयार ठेवायला आमच्याकडे माणूस नाही.

एक मर्यादा खरेदीआधी माहीत असू द्या. मोजणीची सुरुवात फर्मवेअरच्या पहिल्या तुकड्यापासून होते, आणि त्या तुकड्यावर विश्वास ठेवावाच लागतो. तोच खोटा असेल तर तो स्वतःचा जुना, चांगला हॅश सांगू शकतो. म्हणून पुढच्या सर्व्हरांच्या निविदेत आम्ही त्या तुकड्याची सही हार्डवेअरने तपासली पाहिजे अशी अट घातली आहे. आणि fwupd ने dbx ला हात लावला की त्याच आठवड्यात दिवसाढवळ्या एक सर्व्हर रीबूट करतो.